स्वेटरची बाही ‘काढली’ जात नाही : फोटोतला उघडा हात मुळात येतो कुठून?

दोन फोटो शेजारी शेजारी ठेवलेले असतात. पहिल्यात एक बाई खिडकीजवळ बसल्या आहेत, अंगात गडद हिरवा लोकरीचा स्वेटर, बाह्या थेट मनगटापर्यंत. दुसऱ्यात त्याच बाई, तीच खिडकी, चेहऱ्यावरचं हसूही तेच, पण अंगात अर्ध्या बाहीचा शर्ट आणि दोन्ही हात उघडे. असा जोडफोटो पाहिला की बहुतेकांच्या मनात दोन प्रश्न येतात. स्वेटर काढला कसा? आणि आतला हात दिसला कसा?

दोन्ही प्रश्नांमागे एकच गैरसमज आहे. स्वेटर काढलेला नसतो आणि आतला हात कुणालाही दिसलेला नसतो. तिथे एक नवा हात घडवून बसवलेला असतो. तो खरा वाटतो की चिकटवलेला, हे त्वचेचा रंग आणि त्यावरचा उजेड या दोन गोष्टींवर सगळ्यात जास्त ठरतं. हे काम कसं होतं आणि कुठे फसतं, ते याच बाईंच्या फोटोवरून पाहू.

## स्वेटरच्या खाली फोटोत काय असतं?

काहीच नसतं. फोटो म्हणजे रंगीत ठिपक्यांची जाळी. त्यातल्या एका ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. प्रत्येक पिक्सेलमध्ये तीन आकडे असतात: लाल किती, हिरवा किती, निळा किती, प्रत्येकी 0 ते 255. कॅमेऱ्याच्या दिशेने जो उजेड आला तेवढाच या आकड्यांत नोंदला जातो. बाहीवर पडून परतलेला उजेड बाहीचीच नोंद करतो. बाहीखालच्या हाताचा उजेड भिंगापर्यंत पोचलाच नाही, त्यामुळे त्याची नोंदही नाही. झाकलेल्या भांड्याचा फोटो काढून नंतर आतली भाजी बघू म्हणण्यासारखं ते आहे.

म्हणून कितीही भारी सॉफ्टवेअर घेतलं तरी बाई खरोखर कशा दिसतात हे बाहीखालून ‘बाहेर काढता’ येत नाही. दंडावर तीळ आहे का, लसीचा व्रण आहे का, हे फोटोला माहीत नाही. नवा हात हा अंदाज असतो. चांगला कारागीर तो अंदाज फोटोत जे दिसतंय त्याच्या आधाराने बांधतो, आणि या फोटोत आधार बराच आहे: दोन्ही पंजे, मान, चेहरा, आणि सगळ्यात उपयोगी म्हणजे स्वेटरची बाही स्वतः.

## हात उसना आणावा लागतो

घडवण्यासाठी कच्चा माल लागतो, म्हणजे दुसऱ्या एखाद्या फोटोतला उघडा हात. त्याला आपण ‘उसना हात’ म्हणू. सगळ्यात उत्तम उसना हात त्याच व्यक्तीचा. बाईंना अर्ध्या बाहीत, त्याच खिडकीशी, साधारण त्याच वेळी, हात तसाच ठेवून पुन्हा बसवलं आणि कॅमेरा मूळ फोटोइतक्याच अंतरावर, तितक्याच उंचीवर ठेवला, तर निम्मं काम कॅमेराच करून टाकतो. अंतराकडे बरेच जण दुर्लक्ष करतात. जवळून काढलेल्या फोटोत पुढे आलेला पंजा मोठा आणि खांदा लहान दिसतो. असा हात लांबून काढलेल्या फोटोत बसवला की नेमकं काय बिघडलंय ते सांगता येत नाही, पण खटकत राहतं.

व्यक्ती उपलब्ध नसेल तर दुसऱ्याचा हात घ्यावा लागतो. तेव्हा आधी वय आणि बांधा जुळवायचा, मग हाताचा कोन, मग उजेडाची दिशा, आणि त्वचेचा रंग सगळ्यात शेवटी. नवखे लोक नेमका उलटा क्रम लावतात. रंग नंतर बदलता येतो, पण साठीच्या हातावर विशीची तुकतुकी असेल तर ती कुठल्याच आकड्याने जात नाही.

उसना हात थोडासा वाकवता येतो. फोटोशॉपमधल्या Puppet Warp या साधनात खांदा, कोपर आणि मनगट इथे टाचण्या लावायच्या आणि मनगटाची टाचणी ओढायची. पण पंधरा-वीस अंशांपलीकडे गेलं की कोपराची कातडी रबरासारखी ताणली जाते आणि आतली वळी पुसली जाते. कोपर फार वेगळं वाकलेलं असेल तर दुसरा हात शोधलेला बरा.

एक चूक तर इतकी सर्रास होते की ती वेगळी सांगायला हवी. डावा हात हवा असतो आणि जवळ उजवा असतो. तो आडवा पलटवला की डावा होतो, हे बरोबर. पण त्याच्याबरोबर उजेडही पलटतो. आपल्या फोटोत खिडकी डाव्या बाजूला आहे. खिडकीकडचा हात नीट जमला म्हणून तोच पलटवून पलीकडे लावला, तर पलीकडच्या हातावर उजवीकडून उजेड येताना दिसेल, आणि तिकडे तर भिंत आहे. दोन हातांसाठी दोन वेगळे फोटो घेणं हाच सरळ मार्ग.

## हात बारीक होतो, मग फट कशाने भरायची?

लोकरीची बाही हातापेक्षा जाड आणि सैल असते. ती गेली की हाताच्या दोन्ही कडांना रिकामी जागा उरते आणि तिथे मागचं दृश्य दिसायला हवं. म्हणून हात बसवण्याच्या आधी बाहीमागची भिंत, खुर्चीची पाठ, टेबलाची कड हे सगळं पुरं करून घ्यायचं. हे उलट्या क्रमाने केलं तर हाताच्या कडेला हिरव्या लोकरीची बारीक झालर उरते. लहान आकारात ती दिसत नाही, छापल्यावर मात्र लगेच दिसते.

हात किती जाड धरायचा हे मनगट सांगतं. मध्यम बांध्याच्या प्रौढ माणसात दंडाची रुंदी मनगटाच्या साधारण दीडपट ते पावणेदोनपट दिसते. या फोटोत मनगट 180 पिक्सेल आहे. म्हणजे दंड 290च्या आसपास यायला हवा. त्या जागी बाही 380 पिक्सेल रुंद आहे. जवळपास 90 पिक्सेलची फट तयार होणार.

ही फट दोन्हीकडे सारखी वाटायची नाही, आणि इथे कापड कसं पडतं ते कळायला हवं. टेबलावर आडव्या ठेवलेल्या हातावर लोकर वरून टेकलेली असते आणि सैलपणा खाली लोंबतो. तिथे हाताची वरची कड बाहीच्या वरच्या कडेला लागूनच ठेवायची आणि बारीक करायचं ते खालून. खाली सोडलेल्या हातावर बाही खांद्याशी आणि कोपराच्या टोकाशी टेकते, बाकी ठिकाणी सुटी असते. कोपर नेमकं कुठे आहे हे शोधायला बाहीच्या चुण्या बघायच्या. त्या सगळ्या जिथे एकवटतात ती कोपराची आतली घडी. हात फार वर किंवा फार खाली वाकलेला दिसणं ही आकारातली सगळ्यात मोठी चूक असते, आणि ती या चुण्यांकडे न बघितल्याने होते.

## ब्रशने त्वचेचा रंग भरला तर नाही का चालणार?

हा सगळ्यात नैसर्गिक प्रश्न आहे. गालावरचा रंग उचलायचा आणि हाताच्या आकारात भरायचा. पण तसं केलं की हात प्लॅस्टिकच्या बाहुलीचा होतो, कारण त्वचेचा ‘रंग’ म्हणून एक रंग नसतोच. बाईंच्या दिसणाऱ्या पंजावर उजेडातल्या, मधल्या आणि सावलीतल्या अशा तीन जागा मोजून बघू. मोजताना एका पिक्सेलवर विसंबायचं नाही. छिद्र किंवा केस मध्ये आला की आकडा फसवा येतो. रंग उचलण्याच्या ड्रॉपरला 11 by 11 Average वर ठेवलं की तो 121 पिक्सेलची सरासरी देतो.

उजेडातली जागा: लाल 214, हिरवा 168, निळा 140. मधली: 176, 128, 102. सावलीतली: 104, 66, 50.

यात दोन गोष्टी दिसतात. साध्या उजेडात लाल सगळ्यात जास्त, मग हिरवा, मग निळा, हा क्रम कुठेच मोडत नाही. माणूस गोरा असो की सावळा, हा क्रम तोच राहतो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. लाल आणि निळ्यातला फरक लालच्या तुलनेत किती, ते पाहा. उजेडात 214 मागे 74, म्हणजे सुमारे 35 टक्के. मधल्या जागी 42 टक्के. सावलीत 104 मागे 54, म्हणजे जवळजवळ 52 टक्के. त्वचा सावलीत नुसती काळी होत नाही, ती जास्त रंगीत होते. काळ्या ब्रशने केलेली सावली आजारी, राखाडी दिसते ती यामुळेच.

आता उसन्या हातावर त्याच तीन प्रकारच्या जागा मोजू. उजेडात 228, 190, 168. मध्ये 190, 150, 130. सावलीत 128, 92, 78. म्हणजे हा हात उजळ आहे आणि थोडा फिका, निळसरही. दुरुस्ती Curves या साधनाने करायची. ही एक रेघ असते: आत येणारा आकडा कोणता आणि बाहेर जाणारा कोणता, हे तिच्यावर बिंदू ठेवून सांगता येतं. लाल, हिरवा, निळा या प्रत्येकाची रेघ वेगळी उघडायची आणि तीन-तीन बिंदू ठेवायचे:

```
लाल     228 → 214    190 → 176    128 → 104
हिरवा   190 → 168    150 → 128     92 → 66
निळा    168 → 140    130 → 102     78 → 50
```

निळा तिन्ही जागी 28ने उतरला. लाल उजेडात 14नेच उतरला, सावलीत मात्र 24ने. म्हणजे सगळा हात सरसकट गडद करून भागलं नसतं, प्रत्येक रंगाची घट वेगवेगळी लागली. बिंदू जवळ जवळ ठेवून रेघ वेडीवाकडी झाली तर त्वचेवर नकाशासारखे पट्टे उमटतात. रेघ वळणदार पण सलग राहिली पाहिजे. ती राहत नसेल तर चूक रेघेत नाही, दोन जागांची जोडी चुकली आहे: एका हाताची मधली जागा दुसऱ्या हाताच्या सावलीशी लावली गेली आहे.

### चेहऱ्याशी का जुळवायचं नाही?

कारण चेहरा आणि हात एका रंगाचे नसतात. गाल, नाक आणि कान रक्ताने जास्त तांबूस असतात, शिवाय चेहऱ्यावर प्रसाधन असू शकतं. पंजाची पाठ बहुधा सगळ्यात उन्हाळलेली. कोपर गडद आणि किंचित लालसर, हाताची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा उजळ. म्हणून मापाचा आधार पंजाच. मनगटापाशी हात पंजाशी तंतोतंत जुळवायचा, आणि कोपरावरून खांद्याकडे जाताना आठ-दहा आकड्यांनी हळूहळू उजळ करत न्यायचा. ही चढण मास्कवर उतरत्या रंगाने करतात. मास्क म्हणजे एखादा बदल कुठे लागू व्हावा आणि कुठे नाही हे सांगणारं काळं-पांढरं झाकण: पांढरं तिथे लागू, काळं तिथे नाही, मधलं राखाडी तिथे अर्धवट.

माणूस एरवीही अर्ध्या बाह्याच घालत असेल तर उन्हाची रेघ शर्टाच्या कडेखालीच झाकलेली राहते. मग दिसणारा सगळा हात जवळपास एकसारखा उन्हाळलेला असेल आणि ही चढण फार करायची नाही. जुने फोटो मिळाले तर त्यातून ही सवय कळते.

## रंग जुळला, तरी हात वेगळा का दिसतो?

बहुतेक वेळा उजेडामुळे. डोळा रंगातली थोडी चूक माफ करतो, उजेडातली करत नाही. म्हणून रंगाच्या आधी उजेड तपासायचा, आणि त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. सगळ्यात वर एक लेयर घ्यायचा, म्हणजे फोटोवर ठेवलेली एक पारदर्शक काच समजा. ती मधल्या राखाडी रंगाने भरायची आणि तिचा मोड, म्हणजे खालच्या फोटोत मिसळण्याची पद्धत, Color करायचा. खालचा सगळा रंग निघून जातो, उरतो फक्त उजळपणा. आता हात पंजापेक्षा उजळ की गडद हे लगेच कळतं. त्याच लेयरचा मोड Luminosity केला की उलटं होतं: उजेड-अंधार निघून जातो, फक्त रंग उरतो. दोन गोंधळ एकत्र सोडवण्यापेक्षा एकेक सोडवणं केव्हाही सोपं.

हातावर उजेड कसा पडतो ते समजायला हात ही गोल नळी धरा. खिडकीकडच्या बाजूला उजळ पट्टा, मग मधला सूर, मग जिथे पृष्ठभाग उजेडाकडे पाठ फिरवतो ती सीमा, तिच्यापुढे सगळ्यात गडद पट्टा, आणि अगदी पलीकडच्या कडेला पुन्हा किंचित उजळणं. हे शेवटचं उजळणं भिंतीवरून किंवा टेबलावरून परतलेल्या उजेडाचं असतं. ते राहून गेलं की हात सपाट कापलेल्या पुठ्ठ्यासारखा दिसतो. दंड आणि कोपरापुढचा हात या दोन वेगळ्या नळ्या आहेत आणि त्यांचे कोन वेगळे, त्यामुळे उजळ पट्टा कोपरापाशी जागा बदलतो. शिवाय मनगटाकडे ही नळी चपटी होत जाते, तिथे पट्टा रुंद होतो.

सीमेवर त्वचा आणखी एक गंमत करते. उजेड थोडासा त्वचेच्या आत शिरतो, आत विखुरतो आणि बाहेर पडतो. लाल उजेड आत सगळ्यात लांब जातो. म्हणून उजेड संपून सावली सुरू होते तिथे एक अरुंद तांबूस पट्टा दिसतो. हाताचा पंजा टॉर्चसमोर धरला की बोटांच्या कडा लाल दिसतात, तोच हा प्रकार, फक्त फार हलका. उसन्या हातावर सावली स्वतः रंगवली असेल तर या सीमेवर Curves मधला लाल तीन-चार आकड्यांनी वर न्यायचा. एवढ्याशा बदलाने मेलेला हात जिवंत होतो.

### बाहीच उजेड दाखवते

या जागी उजेड नेमका कसा पडत होता याचा सगळ्यात विश्वासू साक्षीदार म्हणजे आपण फेकून देणार असलेली बाही. ती त्याच जागी, त्याच खिडकीसमोर होती. म्हणून ती पुसण्याआधी तिची एक प्रत बाजूला ठेवायची. प्रतीतला रंग काढून टाकायचा आणि Gaussian Blur ने ती इतकी धूसर करायची की विणीचे टाके दिसेनासे होतील. टाका 12 पिक्सेलचा असेल तर 25च्या आसपासची धूसरता पुरते. उरतो तो उजेडाचा नकाशा: उजळ पट्टा कुठे, सीमा कुठे, हात खिडकीपासून लांब जातो तसा उजेड किती मंदावतो.

हा नकाशा थेट हातावर चढवायचा मोह होतो. तो टाळावा. त्यात बाहीच्या चुण्यांच्या सावल्या मिसळलेल्या आहेत आणि त्या हातावर उतरल्या की कातडीला घड्या पडल्यासारखं दिसतं. नकाशा शेजारी ठेवून बघायचा आणि उजेड हाताने रंगवायचा. त्यासाठी दोन Curves लेयर पुरतात, एक उजळ करणारा आणि एक गडद करणारा. दोघांचे मास्क पूर्ण काळे ठेवायचे, आणि मोठ्या मऊ ब्रशने, प्रवाह 5 ते 10 टक्के ठेवून, हवं तिथेच पांढरं करत जायचं. एका फटक्यात काम करणारा जोरदार ब्रश इथे नुकसानच करतो.

नकाशात एक गोष्ट मात्र सापडणार नाही: चकाकी. लोकर चमकत नाही, त्वचा थोडी चमकते. बोटांच्या सांध्यांवर चकाकी किती आहे ते बघायचं आणि हाताच्या उजळ पट्ट्यात तेवढीच, किंबहुना थोडी कमीच ठेवायची. उसना हात तेल किंवा घामाने चकाकत असेल तर तो पंजाशी कधीच जुळणार नाही. ती आधी उतरवावी लागते.

## शर्टाची कड: दोन-चार पिक्सेलचा प्रश्न

स्वेटरच्या धडाचा शर्ट करण्यावर इथे लांबण लावत नाही. एवढंच सांगतो की लोकरीच्या चुण्या जाड आणि गोल असतात, सुती शर्टाच्या बारीक आणि धारदार. नुसती वीण पुसून शर्ट होत नाही, तिथेही उसना शर्टच लागतो. आणि शर्टाचा गडदपणा स्वेटरच्या जवळपास ठेवला तर बाकीची बरीच कटकट वाचते. गडद हिरव्याऐवजी गडद निळा शर्ट सोपा, पांढरा सगळ्यात अवघड, कारण पांढरा शर्ट हनुवटीखाली आणि हाताच्या आतल्या बाजूला उजेड फेकतो आणि तो सगळा नव्याने घडवावा लागतो.

पण बाही संपते ती कड मात्र नीट पाहायला हवी, कारण बघणाऱ्याची नजर तिथेच जाते. बाहीचं तोंड म्हणजे एक गोल कडं. ते आपल्याला अंडाकृती दिसतं. कॅमेरा कडेच्या वर असेल तर पुढची कड खाली झुकलेली दिसते, खाली असेल तर वर उचललेली, आणि तेव्हा बाहीच्या आतला अंधारही थोडा दिसतो. सरळ आडवी कड काढली की शर्ट हातावर रंगवल्यासारखा वाटतो.

कडेखाली दोन सावल्या लागतात आणि बहुतेक लोक एकच देतात. पहिली अगदी कापडाला लागून, दोन ते चार पिक्सेलची, गडद, तीक्ष्ण. कापड त्वचेला टेकतं तिथेच ती असते आणि सुटं आहे तिथे नाहीशी होते. दुसरी रुंद, तीस-चाळीस पिक्सेलची, मऊ, खिडकीच्या विरुद्ध दिशेला सरकलेली. दोन्ही Multiply मोडमध्ये, काळ्याने नव्हे तर त्वचेच्या सावलीतून उचललेल्या तांबूस तपकिरी रंगाने. कापडाला जाडी असते, म्हणून कडेच्या वरच्या बाजूला दुमडीची एक बारीक उजळ रेघ आणि शिवण हवी.

## स्वेटर जातो, त्याच्या खुणा राहतात

हात, उजेड, कड सगळं जमलं तरी काही वेळा फोटो बघून कुणीतरी म्हणतं, ‘इथे आधी काहीतरी होतं.’ ती खूण बहुधा मनगटावर असते. स्वेटरच्या काठाने पंजाच्या सुरुवातीला सावली टाकलेली असते. स्वेटर गेला आणि सावली राहिली की मनगटावर एक गडद कडं दिसतं. उपाय सोपा आहे: जोड मनगटावर करायचाच नाही. उसना हात मनगटासकट घ्यायचा आणि सावली संपल्यावर, पंजाच्या पाठीवर, रुंद मऊ मास्कने मिसळायचा. तिथे शिरा आणि सांधे असतात, नजर रेंगाळायला बरंच काही असतं, जोड लपून जातो.

दुसरी खूण रंगाची. हिरवा स्वेटर आजूबाजूला हिरवी झाक टाकतो: हनुवटीखाली, मानेवर, अंगठ्याच्या मुळाशी, टेबलाच्या गुळगुळीत पृष्ठभागावर. Luminosity मोडची ती राखाडी काच ठेवली की या झाका स्पष्ट उठून दिसतात. शेजारच्या स्वच्छ त्वचेचा रंग उचलून Color मोडच्या लेयरवर मंद ब्रशने त्या धुवून काढायच्या. टेबलावर पडलेली बाहीची सावलीही अरुंद करायला विसरायचं नाही. बारीक हाताची सावली जाड पडत नाही.

तिसरी खूण दाण्याची. प्रत्येक फोटोत कॅमेऱ्याचा बारीक खरखरीतपणा असतो, त्याला दाणा म्हणू. उसना हात दुसऱ्या फोटोतला, त्याचा दाणा वेगळा, आणि वाकवला-ताणला की आणखी गुळगुळीत होतो. 200 टक्के मोठं करून पंजा आणि हात शेजारी बघायचे. हात गुळगुळीत असेल तर वर राखाडी लेयर Overlay मोडमध्ये ठेवून Add Noise ने एक-दीड टक्का दाणा टाकायचा आणि वाटलं तर किंचित धूसर करायचा. टेबलावरचा हात कॅमेऱ्याकडे पुढे आला असेल आणि मूळ फोटोत तिथली बाही जरा अस्पष्ट असेल, तर नवा हातही तेवढाच अस्पष्ट हवा. स्वच्छ दिसणाऱ्या हाताचा मोह तिथे सोडावा लागतो.

## मग हा खोटेपणा नाही का?

कुठे वापरता त्यावर आहे. बाईंचा हिवाळ्यातला एकच चांगला फोटो आहे, त्यांना तो अर्ध्या बाहीत हवा आहे, आणि हात घडवलेला आहे हे त्यांना माहीत आहे, तर कुणाची फसवणूक होत नाही. तोच फोटो ओळखपत्राला, बातमीला किंवा कसल्या पुराव्याला लावला तर होते, कारण त्या हातावरचा एकही पिक्सेल त्या दिवशीचा, त्या जागेचा नाही. दंडावर व्रण नाही म्हणून तो नव्हताच, असं या फोटोवरून म्हणता येणार नाही.

आणि एक अट सगळ्याच्या आधी येते. ज्यांचा फोटो आहे त्यांनी सांगितल्याशिवाय त्यांच्या अंगावरचं कापड कमी करायचं नाही. अर्ध्या बाहीपर्यंतच का होईना, ते त्यांचं शरीर आहे आणि ते कसं दाखवायचं हे त्यांनी ठरवायचं. व्यक्ती हयात नसेल तर घरच्यांना विचारायचं, आणि त्या हातावर एखादी खूण होती का हेही विचारायचं. गोंदण, भाजल्याचा डाग, वाकडं जोडलेलं हाड. घरच्यांना ते आठवतं, आणि नसलं तर फोटो कितीही सुबक असला तरी त्यांना तो परका वाटतो.

## नाही म्हणावं असे फोटो

काही फोटोंत हे काम घेऊच नये. दोन्ही पंजे चौकटीबाहेर किंवा खिशात असतील तर मापाला त्वचाच नाही, मग हात चेहऱ्यावरून जुळवावा लागतो आणि तो तांबूस होतो. हातांची घडी असेल तर एक हात दुसऱ्यावर दाबला जातो, कातडी दबते, दोघांच्या सावल्या एकमेकांवर पडतात. अशा वेळी नेमक्या तशाच घडीचा उसना फोटो काढता येत असेल तरच हात घालावा. काळ्या स्वेटरची बाही सावलीत पूर्ण काळी झाली असेल, आकडे 10च्या खाली गेले असतील, तर उजेडाचा नकाशाही मिळत नाही. आणि रुंदीला पाच-सहाशे पिक्सेलचा, पुन्हा पुन्हा पाठवून चौकडे पडलेला फोटो असेल, तर त्यात हाताचा रंग जुळतो पण कातडी जुळत नाही. मूळ फाइल मागवावी. ती मिळाली नाही तर काम सुरू करण्याआधीच तसं स्पष्ट सांगावं.

बाईंच्या फोटोत यातलं काही नव्हतं. तिथे शेवटची तपासणी अशी होते. सगळा फोटो आडवा पलटवायचा, कारण तासभर बघून डोळा चुकांना सरावलेला असतो आणि पलटलेला फोटो त्याला नवा वाटतो. मग तो अंगठ्याएवढा लहान करायचा. लहान फोटोत तपशील जातात, उजेड उरतो, आणि एखादा हात ओरडत असेल तर तिथे लगेच ऐकू येतो. शेवटी वर एक तात्पुरता Curves लेयर ठेवून रेघ खूप उभी करायची, म्हणजे फोटो भडक होईल. एरवी न दिसणारे मास्कचे ठिगळ, भिंतीवरचे डाग, मनगटावरचं कडं, सगळं त्यात वर येतं. दुरुस्त्या झाल्या की तो लेयर काढून टाकायचा, आणि मूळ फोटो वेगळ्या नावाने जपून ठेवायचा, बाह्यांसकट.